क्लिकचा ढीग वाढल्याने जागेचा फायदा पुसला जात नाही

शोधयंत्राच्या निकालांच्या यादीबद्दल एक समज असा असतो: "क्लिक म्हणजे वापरकर्त्याचं मत. ज्यावर क्लिक नाही ते त्याला नको होतं. आणि लाखो क्लिक जमले की वरच्या जागेचा फायदा आपोआप पुसला जातो."

मत म्हणायचं, तर आधी ती गोष्ट नजरेस पडायला हवी. संगणकशास्त्रज्ञ थॉर्स्टन योआकिम्स आणि सहकाऱ्यांनी 2005 साली वापरकर्त्यांच्या नजरेचा मागोवा घेत गूगलच्या पहिल्या दोन निकालांची अदलाबदल करून पाहिली. तरीही पहिल्या जागेवर जे होतं त्यावरच क्लिक जास्त पडले. दर्जाचा परिणाम होता, पण जागेचा प्रभाव त्याहून ठळक दिसला.

क्लिक न होण्यालाही दोन कारणं असतात: पाहून सोडलं, किंवा पाहिलंच नाही. नोंदीत दोन्ही सारखीच दिसतात. चौथ्या निकालावर क्लिक झाला आणि दुसरा-तिसरा तसेच राहिले, तर चौथा त्या दोघांपेक्षा बरा असं म्हणायला आधार आहे, कारण वाचणारा बहुधा वरून खाली येतो. सातव्याबद्दल मात्र त्यातून काहीच कळत नाही.

खरी गल्लत आकड्यांच्या जोरावर ठेवलेल्या विश्वासात आहे. समजा, पहिली जागा प्रत्येक जण पाहतो आणि चौथी चारांतला एक. पहिल्या जागेवरचा 'अ' पाहणाऱ्यांपैकी 30 टक्क्यांना उपयोगी वाटतो, चौथ्यावरचा 'ब' 60 टक्क्यांना. 10,000 वेळा यादी दाखवली, तर 'अ'ला सुमारे 3,000 क्लिक मिळतील, 'ब'ला 1,500. दहा लाख वेळा दाखवली, तर 3 लाख आणि दीड लाख. गुणोत्तर तेच! विदा वाढल्याने योगायोगाचा गोंधळ कमी होतो, एकाच दिशेने झुकलेली चूक नाही. वर, या क्लिकवर शिकलेलं, निकालांचा क्रम लावणारं मॉडेल 'अ'ला पहिलाच ठेवतं, म्हणजे पुढचे क्लिकही त्यालाच.

दुरुस्तीसाठी क्लिकला त्या जागेच्या पाहिलं जाण्याच्या संभाव्यतेने भागतात. 1,500 भागिले 0.25 म्हणजे 6,000, आणि 'ब' पुढे जातो. हा 0.25 अंदाजाने ठरवायचा नसतो. थोड्या, यादृच्छिकपणे निवडलेल्या शोधांत पहिल्या आणि चौथ्या जागेची अदलाबदल करा. तेच निकाल चौथ्यावर असताना मिळालेला क्लिकदर पहिल्यावरच्या क्लिकदराच्या किती पट आहे, ते मोजा.

याला मर्यादा आहेत. क्वचितच पाहिल्या जाणाऱ्या जागेवरचा एखादा क्लिक भागाकारानंतर अवाढव्य वजनाचा होतो, म्हणून वजनाला कमाल मर्यादा घालतात. त्या बदल्यात थोडा झुकाव परत स्वीकारावा लागतो. शिवाय काही जण वरचा निकाल पाहतात आणि केवळ वर आहे म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवून क्लिक करतात. तो क्लिक पाहिलं जाण्याच्या संभाव्यतेने भागून सुधारत नाही. पाहिल्यानंतरही क्लिक चुकीने किती वेळा होतो, हे प्रत्येक जागेसाठी वेगळं धरावं लागतं.