थायरॉइडच्या गोळीवरचा ताप : खुलासा

“थायरॉइडची कार्बिमाझोल सुरू असताना घसा दुखून ताप आला, तर तो हवामानाचा असतो, पॅरासिटामॉल घ्या, गोळी थांबवू नका.”

हा सल्ला जिवावर बेतू शकतो. वाढलेल्या थायरॉइडवरील या औषधाने क्वचित, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी अचानक नाहीशा होतात; त्यामुळे मागचा रक्ताचा रिपोर्ट चांगला होता, एवढ्यावर विसंबता येत नाही.

समजा, कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडच्या एका बाईंना गोळी सुरू झाल्यावर सहाव्या आठवड्यात ताप आला, घास गिळवेना आणि तोंडात फोड आले. अशा वेळी गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात सीबीसी करावी आणि गोळीचे पाकीट दाखवावे. पांढऱ्या पेशी १,४०० आणि त्यांत न्यूट्रोफिल ५ टक्के असतील, तर प्रत्यक्ष संख्या ७० भरते. ५०० च्या खाली ती गेली की तातडीने भरती होऊन शिरेतून अँटिबायोटिक लागते. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, पेशी मात्र वाढत नाहीत, आणि तपासणीचा मोलाचा दिवस हातचा जातो.

रिपोर्ट नॉर्मल आला, तर गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची हे डॉक्टरांनीच ठरवावे. पेशी खरोखरच घटल्या असतील, तर ती पुन्हा कधीही घेऊ नये. मानसिक आजारावरील क्लोझापीन घेणाऱ्यांनीही असा ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासावे.