हप्ता बाउन्स करून घेण्याची खात्रीशीर पद्धत

हप्ता बाउन्स करून घेणं फार सोपं आहे. त्यासाठी कफल्लक असावं लागत नाही. मी गेल्या महिन्यात सात रुपये सत्तर पैशांवर करून दाखवला. तोच अनुभव, चहापाणीही न घेता, तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली पायरी. गाडीचा हप्ता 4,850 रुपये असेल तर खात्यात 4,860 ठेवा आणि निर्धास्त झोपा. दहा रुपये जास्तच आहेत ना! मग आपली बँक, आपल्याला मेसेज पाठवण्याच्या कष्टाबद्दल, तिमाहीचे 15 रुपये आणि त्यावर जीएसटी असे 17 रुपये 70 पैसे कापून घेते. शिल्लक उरते 4,842 रुपये 30 पैसे. आता पाच तारखेची वाट बघा.

पाच तारीख रविवारी येत असेल तर सोमवारी पैसे भरू, असं मनाशी ठरवा. 1 ऑगस्ट 2021 पासून हप्ता खात्यातून आपोआप कापणारी ही ऑटो डेबिटची व्यवस्था रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, हे मात्र कुणाला सांगू नका.

मग सकाळी मोबाइल वाजतो: `NACH debit of Rs. 4,850 returned. Reason: Balance Insufficient.` एनएसीएच म्हणजे तीच ऑटो डेबिटची व्यवस्था, बँकेतली मंडळी तिला 'नाच' म्हणतात. नाचायचं कुणी, ते आपल्याला नंतर कळतं. कर्ज घेताना आपण ज्या कागदावर सही केली, त्या परवानगीच्या जोरावर फायनान्सवाल्याने आपल्या बँकेकडे पैशांची मागणी पाठवली. बँकेने बघितलं, 7 रुपये 70 पैसे कमी. आहेत तेवढे 4,842 देऊन बाकीचे नंतर, असली किराणा दुकानातली उधारी इथे चालत नाही. पूर्ण रक्कम किंवा काहीच नाही. म्हणून मागणी परत गेली. त्या मेसेजचा अर्थ एवढाच. कर्ज बुडालं नाही, गाडी उचलायला कुणी निघालेलं नाही. फक्त दोन दुकानांची मीटरं एकदम सुरू झाली आहेत.

पहिलं दुकान आपल्याच बँकेचं. मागणी परत पाठवण्याचे माझ्या बँकेचे 250 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 295. दुसरं दुकान फायनान्सवाल्याचं. त्याचा बाउन्स चार्ज, माझ्या करारात कर धरून 500. दोघांचा दर ठोक आहे. सात रुपये कमी पडोत की सात हजार, आकार तोच.

आता यातली कलाकुसर बघा. 295 कापल्यावर शिल्लक राहिली 4,547 रुपये 30 पैसे. म्हणजे आधी सात रुपयांनी नापास झालेला मी आता 302 रुपये 70 पैशांनी नापास! आणि फायनान्सवाल्याने काय करावं? आठ तारखेला तीच मागणी पुन्हा पाठवली. फोन नाही, विचारणा नाही. पगार दहाला होणार हे त्यांच्या माणसाला मी पाच तारखेलाच सांगितलं होतं, तो "हो हो सर, नोट केलंय" म्हणालाही होता. कुठे नोट केलं? तंबाखूच्या पुडीवर? पुन्हा मागणी, पुन्हा परत, पुन्हा 295, पुन्हा 500. खात्यात पैसे नाहीत हे कळलेल्या खात्यावर तीन दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं, मासा नाही मिळाला तरी जाळ्याचं भाडं माशाकडूनच वसूल करायचं. यात माझी एक चूक होती ती सांगतो: पाच तारखेलाच मित्राकडून पैसे घेऊन त्यांच्या ॲपवर हप्ता भरला असता, आणि 'आता पुन्हा मागणी पाठवू नका' असं लेखी कळवून पावती ठेवली असती, तर अर्धा धंदा तिथेच बंद झाला असता. लेखी अशासाठी की ॲपवरही भरले आणि मागणीही वटली, तर हप्ता दोनदा जातो आणि परताव्यासाठी आणखी महिनाभर फोन.

मेसेजमध्ये लिंक असेल तर लगेच दाबा. चोरांनीही जगायला हवं.

आता खरा दंड. मी अकरा तारखेला पैसे भरले, म्हणजे सहा दिवस उशीर. करारात दंड वर्षाला 24 टक्के, थकलेल्या रकमेवर. हिशेब असा: 4,850 गुणिले 24 टक्के म्हणजे वर्षाचे 1,164. भागिले 365, गुणिले 6. उत्तर 19 रुपये 13 पैसे. नेहमीचं 14 टक्के व्याज सहा दिवसांचं वेगळं, 11 रुपये 16 पैसे. बस्स. उशिरा पैसे दिल्याची खरी किंमत 30 रुपये 29 पैसे. आणि एकूण गेले किती? बँकेचे 590, फायनान्सचे 1,000 आणि हे 30. म्हणजे 1,620 रुपये 29 पैसे, सात रुपये सत्तर पैशांपायी.

पुढची युक्ती सर्वांत महत्त्वाची: स्टेटमेंट कधीही मागू नका. मागितलंत तर फार गोष्टी दिसतात. मला दिसलं की दंड 4,850 वर नाही, उरलेल्या अख्ख्या 52,000 कर्जावर लावलाय. 52,000 चे 24 टक्के, सहा दिवस: 205 रुपये 15 पैसे. म्हणजे 19 च्या जागी 205!

आणि इथे माझं डोकं फिरलं. गंमत पुरे.

रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 ला स्पष्ट लिहून दिलंय. थकबाकीचा दंड व्याजदर वाढवून घ्यायचा नाही, वेगळा आकार म्हणून घ्यायचा. तो मुद्दलात मिसळायचा नाही, त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. चूक आणि दंड यांचा काही मेळ हवा. दंड किती आणि कशाबद्दल, हे करारात आणि कर्जाच्या माहितीपत्रकात आधी लिहिलेलं हवं, आणि थकबाकीची आठवण करून देताना दंडही कळवायला हवा. नव्या कर्जांना हे 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे. माझं कर्ज त्यानंतरचं. तरी यांच्या माणसाला यातलं एक अक्षर माहीत नाही. मेसेजमध्ये `Charges as applicable` लिहून मोकळे. अरे लागू म्हणजे किती? किराणावालासुद्धा साखर किती, साबण किती ते वहीत लिहितो!

आणि आपणही कमी नाही. मी मान्य करतो, माझ्या करारातलं आकारांचं पान मी बाउन्स झाल्यावर पहिल्यांदा वाचलं. तुम्ही तरी वाचलंय का? नाही ना? मग आज काढा. बाउन्स चार्ज किती, दंड कोणत्या रकमेवर, आणि ऑटो डेबिटच्या परवानगीत वरची मर्यादा किती लिहिली आहे ते बघा. ती हप्त्यापेक्षा बरीच जास्त असते, आणि दंडही त्याच वाटेने कापला जाऊ शकतो.

मी स्टेटमेंटवर रेघा मारून त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकला. तीस दिवसांत उत्तर नाही तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, असं शेवटी लिहिलं. नवव्या दिवशी 186 रुपये 2 पैसे आणि दुसऱ्या वेळचे 500 परत आले. दिलगिरी वगैरे काही नाही.

बँकेचे 590 मात्र गेले ते गेलेच. शाखेत जाऊन विचारलं तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "सर, सिस्टीमने कापलेत, आमच्या हातात काही नाही." अहो बाई, मग त्या सिस्टीमला 250 चा आकडा कुणी शिकवला, मी?