पोटातलं लोणी आणि फुप्फुसातलं लोणी

‘व्हेपमध्ये धूर नसतोच, नुसती वाफ असते. फ्लेवर तर खाण्याचेच, केक-बिस्किटात घालतात ते. पॉपकॉर्न लंग कारखान्यातल्या कामगारांना झाला, व्हेपने जगात एकालाही झालेला नाही. सिगारेटमध्ये डायअ‍ॅसिटिल कितीतरी पट जास्त असतं, तरी कुणाला हा आजार होत नाही. आणि इतकीच भीती वाटत असेल तर डायअ‍ॅसिटिल-फ्री घ्या.’

हा मेसेज या महिन्यात माझ्याकडे तीनदा आला. त्यातला एक भाच्याच्या कॉलेजच्या ग्रुपवरून होता. मी छातीच्या दवाखान्यात पीएफटी घेते, म्हणजे माणसाला नळीत जोरात फुंकायला लावून फुप्फुसांची ताकद मोजते. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

वाफेचं लवकर आटपते. पाणी उकळलं की वाफ होते. व्हेपमध्ये तापतात ते प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, आणि तोंडात येतं ते त्यांच्या बारीक थेंबांचं धुकं. फ्लेवरची रसायनं त्याच थेंबांत विरघळलेली असतात आणि थेंबांबरोबर खोलवर उतरतात.

आता खाण्याच्या फ्लेवरचं. डायअ‍ॅसिटिल हे लोण्याच्या वासाचं रसायन आहे. ते लोण्यात आपसूक असतं आणि पोटात गेलं तर काही बिघडत नाही, हे मेसेजमधलं म्हणणं बरोबर आहे. पण खाद्यपदार्थांत वापरायला दिलेली मान्यता गिळण्यापुरती असते. श्वासाबरोबर आत घेतल्यावर काय होतं, हे ती मान्यता देताना कुणी तपासलेलं नसतं. ते काय होतं, हे अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात जॅस्पर नावाच्या गावी कळलं.

तिथे मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा कारखाना होता. मिक्सिंगच्या खोलीत कामगार गरम सोयाबीन तेलाच्या टाकीचं झाकण उघडून लोण्याचा फ्लेवर आत ओतत. मे २००० मध्ये एका डॉक्टरांनी राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं, की या कारखान्यातल्या आठ माजी कामगारांची फुप्फुसं एकसारखी बंद होत चालली आहेत. चौघांची नावं तर फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत गेली होती. मग सरकारच्या कामगार-आरोग्य संस्थेने, नायॉशने, तिथे काम करणाऱ्या बहुतेकांची पीएफटी घेतली. कधीच सिगारेट न ओढलेल्या कामगारांत श्वासमार्ग अडलेले लोक अपेक्षेपेक्षा जवळपास अकरा पट निघाले.

मला सर्वात जास्त हादरवलं ते क्वालिटी कंट्रोलच्या खोलीने. तिथले लोक टाकीजवळ जातही नसत. दिवसभर पाकिटं मायक्रोवेव्हमध्ये फोडून तपासणं एवढंच त्यांचं काम. मिक्सिंगच्या हवेत डायअ‍ॅसिटिल दर दहा लाख भागांत तीसच्या पुढे होतं, या खोलीत सरासरी एक भागसुद्धा नव्हतं. तरी सहापैकी पाच जणांचे श्वासमार्ग अडलेले होते. पाकीट उघडताना तोंडावर येणारा गरम भपकारा सरासरीत दिसत नाही. व्हेपचा झुरका असाच भपकारा असतो, फक्त तो आपणहून तोंडाने आत ओढलेला असतो. नाकाने घेतलेल्या श्वासातलं बरंचसं डायअ‍ॅसिटिल नाकातच शोषलं जातं. तोंडाने घेतलं की खालपर्यंत जास्त पोचतं.

खाली म्हणजे कुठे? दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद श्वासनलिकांपर्यंत. त्यांच्या आत पेशींचं नाजूक अस्तर असतं. डायअ‍ॅसिटिल त्या पेशींतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यातही आर्जिनिन या घटकाला, आणि पेशी मरून अस्तर सोलून निघतं. थोडं सोललं तर भरून येतं. पुन्हा पुन्हा सोललं, की दुरुस्ती भरकटते आणि अस्तराच्या जागी व्रणाची घट्ट ऊती वाढते. ती नळीला चहूबाजूंनी आवळत नेते, शेवटी नळी बुजते. पॉपकॉर्न लंग म्हणतात तो हाच आजार. वैद्यकात याला ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स म्हणतात.

हे माणसाला लवकर कळत नाही. या नळ्या एकेकट्या अरुंद असल्या तरी हजारोंनी शेजारी शेजारी असतात, त्यामुळे हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा थोडाच असतो. बऱ्याच बुजल्या तरी चालताना धाप लागत नाही. धाप लागते तेव्हा पुष्कळ नुकसान झालेलं असतं. एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. माझ्या मशीनवर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा कमी दिसते, आणि पंप देऊन वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं तरी आकडा हलत नाही. दम्यात तो बहुतेकदा हलतो. सीटी स्कॅन श्वास पूर्ण सोडायला लावून काढला, तर अडकलेल्या हवेचे काळे ठिगळ दिसतात. नेहमीसारखा श्वास भरून काढला तर ते सुटून जाऊ शकतात.

‘एकालाही नाही’ हे वाक्य मी या सगळ्याच्या उजेडात वाचते. व्हेपमधल्या डायअ‍ॅसिटिलनेच पॉपकॉर्न लंग झाला, असं पक्कं सिद्ध झालेलं प्रकरण नाही, हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे जी माणसं गेली त्यांचा आजार वेगळा होता; त्यामागे मुख्यतः गांजाच्या तेलात मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट होतं. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करणारे मेसेजही चुकीचेच आहेत. पण जॅस्परचे रोगीसुद्धा आधी दमा, ब्रॉन्कायटिस म्हणूनच औषधं घेत होते. आठ जण एकाच कारखान्यातले निघाले म्हणून धागा सापडला. व्हेप ओढणारे आठ जण आठ गावांत, आठ डॉक्टरांकडे जातात. कॅनडात ऑन्टारिओतला सतरा वर्षांचा एक मुलगा पाच महिने फ्लेवरचं व्हेप खोल झुरके घेत ओढत होता. तो ४७ दिवस रुग्णालयात राहिला, वाचला, पण श्वासमार्गातला अडथळा मागे उरला. त्यात गांजाचं तेलही होतं, म्हणून डॉक्टरांनी दोष एकट्या फ्लेवरवर टाकला नाही. मात्र आजाराचं रूप पॉपकॉर्न कामगारांच्या आजाराशी मिळतंजुळतं असल्याचं त्यांनी नोंदवलं.

सिगारेटच्या धुरात डायअ‍ॅसिटिल जास्त असतं, हेही खरं. पण सिगारेट याच बारीक नळ्या बुजवते आणि नष्ट करते. आपण त्याला सीओपीडी म्हणतो. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या फुप्फुसात कोणती नळी कशाने बुजली हे कोण वेगळं काढणार? ज्याने कधीच ओढली नाही त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला सिगारेटशी केलेली तुलना लागूच होत नाही.

राहिलं ‘डायअ‍ॅसिटिल-फ्री’. त्याच्या जागी पुष्कळदा २,३-पेंटानडायोन घालतात. ते तेच रसायन आहे, एक कार्बन जास्त असलेलं, आणि उंदरांच्या श्वासनलिकांत त्यानेही तसेच व्रण केले. तिसरं अ‍ॅसिटोइन, बाटली पडून राहिली की त्यातून डायअ‍ॅसिटिल तयार होऊ शकतं. हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ फ्लेवर तपासले, तेव्हा ४७ मध्ये या तिघांपैकी किमान एक सापडलं. ब्रिटनमध्ये व्हेपच्या द्रवात डायअ‍ॅसिटिल घालायला २०१६ पासून बंदी आहे. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने व्हेपची विक्रीच बंद आहे, म्हणजे पानाच्या टपरीमागून जे मिळतं त्यावरची अक्षरं कुणीही तपासलेली नसतात.

व्हेप ओढणाऱ्या कुणाला दोन-तीन महिने कोरडा खोकला असेल, जिना चढताना धाप लागत असेल, एक्स-रे स्वच्छ असेल आणि पंपाने फरक पडत नसेल, तर डॉक्टरांना व्हेपचं आधी सांगा. घरच्यांसमोर जमत नसेल तर तपासणीच्या खोलीत सांगा. पंपाच्या आधी आणि नंतर अशी पीएफटी करून घ्या. तिथे अडथळा दिसला तर श्वास सोडून काढायच्या सीटीबद्दल विचारा. बुजलेली नळी पुन्हा उघडत नाही. पण त्या हवेतून बाहेर पडल्यावर बऱ्याच पॉपकॉर्न कामगारांचे आकडे घसरायचे थांबले होते.