नेव्ही ब्लू कुर्ता पिवळा का होत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «तुमचा ‘साडीचा रंग बदला, चुण्या तशाच ठेवा’ हा लेख वाचून भावाच्या हळदीच्या फोटोत माझा नेव्ही ब्लू कुर्ता पिवळा करायला बसलो. तीन तास घालवले. एकदा रेनकोट घातल्यासारखा दिसला, एकदा शेवाळ लागल्यासारखा. राणी रंगाची साडी हिरवी करून दाखवायची आणि ‘कोणत्याही कपड्याला चालतं’ असं ठोकून द्यायचं, ही वाचकांची फसवणूक आहे. गडद कपडा फिका होतच नाही, हे सरळ सांगा ना!»

नमस्कार. ‘कोणत्याही कपड्याला चालतं’ हे माझं वाक्य चूक होतं, आजच लेखातून काढलं. राणी आणि हिरवा हे दोन्ही रंग उजेडाच्या मापात जवळपास सारखे. तिथे फोटोशॉपमध्ये फक्त Hue सरकवलं की काम होतं, आणि मी तेवढ्यावरच फुशारकी मारली. पण ‘होतच नाही’ हे मात्र मला मान्य नाही.

रेनकोट बहुधा असा झाला असणार. तुम्ही Hue/Saturation मध्ये Colorize लावून Lightness वर ढकललं. ती पट्टी कापड उजळत नाही, त्यात पांढरा रंग मिसळते. समजा कुर्त्याच्या चुणीचा माथा निळ्या चॅनेलमध्ये 60 आहे आणि खोबण 20. Lightness +60 केलं की 60 चे होतात 177 आणि 20 चे 161. आधी माथा खोबणीच्या तिप्पट उजळ होता, आता दोघांत जेमतेम सोळा पायऱ्यांचा फरक उरला. चुणी पुसली गेली आणि प्लास्टिक उरलं.

त्याऐवजी Levels मध्ये उजवीकडचा पांढरा त्रिकोण 255 वरून 75 वर आणा. 60 चे होतात 204, 20 चे 68. प्रमाण तिपटीचंच राहिलं. इथपर्यंत तुम्ही दुसऱ्या प्रयत्नात पोचला असाल असा माझा अंदाज आहे, कारण यावर सपाट पिवळा रंग Multiply ने चढवला की खोबणीत बरोबर शेवाळ उगवतं.

याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये नाही, कापडात आहे. तुमची प्रतिक्रिया वाचून लक्ष्मी रोडवरून अर्धा-अर्धा मीटर सुती कापड आणलं, एक नेव्ही ब्लू, एक हळदी. दोन्ही खिडकीशी टेबलावर ठेवून सारख्याच चुण्या पाडल्या. निळ्याच्या खोबणीत जवळजवळ काळी रेघ दिसत होती. हळदी कापडाच्या खोबणीत काळं काही नव्हतंच, तिथे केशरी होतं. फिक्या कापडाची एक बाजू समोरच्या बाजूवर उजेड फेकते, तो परत इकडे येतो, आणि प्रत्येक फेरीत पिवळा आणखी गडद, आणखी केशरी होतो. गडद कापड बराचसा उजेड पहिल्याच फटक्यात गिळतं, म्हणून खोबण कोरडी काळी राहते. शिवाय निळ्या कापडाच्या माथ्यावर जी चमक दिसते ती बरीचशी वरवरची, दिव्याच्या रंगाची असते. पिवळ्यावरही तेवढीच चमक असते, पण कापड मुळातच उजळ असल्याने ती जाणवत नाही.

म्हणजे चुण्यांच्या जागा तशाच ठेवायच्या, पण त्यांची खोली तशीच ठेवायची नाही. ती कमी करायची. माझ्या जुन्या लेखाच्या शीर्षकातच ही चूक होती.

किती कमी करायची, हे तुमच्याच फोटोत लिहिलेलं आहे. हळदीचा कार्यक्रम म्हणजे शेजारी कोणीतरी खरा पिवळा कुर्ता घालून उभा असणारच. मी असाच एक फोटो केला. कोथरूडमधलं कार्यालय, डावीकडे खिडकी, आणि नवरदेवाशेजारी पिवळ्या कुर्त्यातले मामा. आयड्रॉपरचा नमुना 5 by 5 Average वर ठेवून मामांच्या कुर्त्यावर तीन जागी टेकवला. खोबणीत 150, 90, 15 मिळाले, सपाट भागात 225, 170, 35 आणि माथ्यावर 250, 215, 100. खोबण आणि माथा यांत लाल चॅनेलमध्ये दुपटीचाही फरक नाही, आणि मी तिपटीचा घेऊन बसलो होतो.

मग क्रम असा. कुर्त्याचा मास्क एका ग्रुपला लावा आणि पुढचे थर त्या ग्रुपमध्ये एकावर एक ठेवा. सर्वांत खाली Channel Mixer, Monochrome वर टिक, Blue 100 आणि बाकी दोन शून्य. नेव्ही ब्लूत लाल आणि हिरव्या चॅनेलमध्ये फारसं काही नसतं, चुण्यांचा तपशील निळ्यात सापडतो. त्यावर Levels, पांढरा 75 वर. त्यावर Gradient Map, आणि त्यात तुमच्या फोटोतल्या पिवळ्या कुर्त्यावरून तसेच उचललेले तीन रंग. खोबणीचा रंग डाव्या टोकाला न ठेवता साधारण 25 टक्क्यांवर ठेवा, कारण तुमची खोबण 68 वर आहे, शून्यावर नाही. माथ्याचा रंग 80 टक्क्यांवर, सपाट भागाचा मधे. डाव्या टोकाला गडद तपकिरी ठेवला की काखेतली खरी सावली सावलीच राहते. शुद्ध काळा तिथे ठेवू नका.

मधला रंग डावीउजवीकडे सरकवताना डोळे बारीक करून तुमच्या आणि त्या पिवळ्या कुर्त्याकडे आलटून पालटून बघा. दोघांचं कापड एकाच ताग्यातलं वाटलं की थांबा.

दोन जागी तरीही चोरी पकडली जाते. पहिली म्हणजे कड. गडदाचा फिका करताना काठावर निळी रेघ राहते, म्हणून मास्क आत न घेता एक पिक्सेल बाहेर न्या. फक्त गळ्यापाशी तो हाताने परत आत आणा, नाहीतर मान पिवळी होईल. दुसरी जागा हनुवटीखाली. खरा पिवळा कुर्ता तिथे पिवळसर उजेड फेकतो, निळा जवळपास काहीच फेकत नाही. वेगळ्या थरावर, Color मोडमध्ये, मऊ ब्रशने सहा-सात टक्के पिवळा हनुवटीखाली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला द्या. हळदीच्या फोटोत जरा जास्त झाला तरी कोणी विचारणार नाही म्हणा.

आता जिथे तुमचं म्हणणं खरं आहे ते. वीस ते साठ या चाळीस पायऱ्या आपण एकशे छत्तीसवर ताणल्या. मधल्या पायऱ्या कुठून येणार? हिस्टोग्राम उघडून बघा, फणीच्या दात्यांसारखा दिसेल. कुर्त्यावर पट्टे उमटतात, आणि फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असेल तर जेपीईजीचे आठ बाय आठचे चौकोनही दिसू लागतात. रॉ फाइल असेल तर कुर्त्यासाठी तिची दुसरी प्रत Exposure दीड-दोन स्टॉप वाढवून 16 बिटमध्ये उघडा, आणि मग Levels चा पांढरा बिंदू नव्याने ठरवा, 75 हा आकडा तिथे चालणार नाही. रॉ नसेल तर फोटोग्राफरकडून निदान मूळ जेपीईजी Document म्हणून मागवा. आणि आयड्रॉपरला खोबणीत निळा आकडा 5 च्या आत दिसत असेल, तर तिथे ताणायला चुणीच शिल्लक नाही. तेवढा भाग ब्रशने रंगवावा लागतो, आणि पूर्ण कुर्ताच तसा असेल तर मी स्वतः ते काम घेत नाही.

तुमच्या कुर्त्याच्या खोबणीत निळ्याचा आकडा किती येतो तेवढा इथे खाली लिहा.