गुणोत्तराची उतरंड आणि मागे उरलेली रक्कम

“निधी ठरलेला असेल, तर प्रत्येक प्रकल्पाचे लाभ-खर्च गुणोत्तर काढा, उतरत्या क्रमाने यादी लावा आणि पैसे संपेपर्यंत वरून घेत जा. यापेक्षा जास्त लाभ दुसऱ्या कोणत्याही निवडीतून मिळूच शकत नाही. एखादा प्रकल्प उरलेल्या पैशात बसला नाही, तर त्याच्या खालचा घ्या. फरक पडलाच तर तो किरकोळ असतो, आणि सगळ्या जुळण्या तपासणे व्यवहारात अशक्यच आहे.”

यातले पहिले विधान एका अटीवर खरे आहे, पण ती अट सांगताना गळून गेली आहे. प्रकल्प हवा तितका तुकड्याने घेता येत असेल, म्हणजे निम्म्या खर्चात निम्मा लाभ मिळत असेल, तर उतरत्या गुणोत्तराने पैसे लावणे हीच सर्वोत्तम रीत ठरते. गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी १९५७ मध्ये ही गोष्ट नीट मांडली. परंतु बहुतेक प्रकल्प असे नसतात. निम्मा पूल कोणाच्या उपयोगाचा नाही. प्रकल्प अखंड घ्यायचा किंवा सोडायचा, असे बंधन आले की प्रत्येक निवडीनंतर मागे किती रक्कम उरते आणि तिच्यात काय बसते, हा प्रश्न उभा राहतो. गुणोत्तरात त्याची नोंद कुठेच नसते.

एक लहान उदाहरण पाहू. निधी १०० एकक आहे आणि प्रकल्प पाच आहेत.

| प्रकल्प | खर्च | लाभ | गुणोत्तर |
|---|---|---|---|
| क | ४० | १०० | २.५ |
| ख | ३० | ६९ | २.३ |
| ग | ५० | ११० | २.२ |
| घ | ५० | १०५ | २.१ |
| च | २० | ३८ | १.९ |

क्रमवारीने गेल्यास क आणि ख घेतले जातात, ७० एकक संपतात आणि ३० उरतात. ग आणि घ त्यात बसत नाहीत, म्हणून च घेतला जातो. एकूण लाभ २०७ होतो आणि १० एकक पडून राहतात. आता ख, ग आणि च एकत्र घेऊन पाहा: खर्च बरोबर १०० आणि लाभ २१७. पाच प्रकल्पांच्या सर्व ३२ जुळण्या तपासल्या तरी याहून जास्त लाभ निघत नाही, आणि या सर्वोत्तम संचात यादीत पहिला आलेला क नाहीच. क वाईट आहे म्हणून तो गळला असे नव्हे. त्याचे ४० गेल्यावर जे ६० उरतात, ते बाकीच्या कोणत्याही जुळणीने पुरते भरत नाहीत, एवढेच त्याचे चुकते.

“बसला नाही तर खालचा घ्या” हा उपाय याच उदाहरणात वापरून झाला आहे. च त्याच नियमाने आला. हा नियम वर झालेली निवड कधीच मोडत नाही. फक्त उरलेल्या फटीत काहीतरी कोंबतो. चूक मात्र पहिल्याच पायरीवर झालेली असू शकते, आणि तिथे मागे फिरण्याची सोय त्यात नाही.

फरक किरकोळ असतो का, हे आधी सांगता येत नाही, पण मोजता येते. यादीत पहिल्यांदा न बसणारा प्रकल्प शोधावा आणि त्याचा उरलेल्या पैशापुरता तुकडा घेतला असे कागदावर मानावे. आपल्या उदाहरणात ग अडतो. त्याच्या ५० पैकी ३० एककांचा लाभ ६६ येतो, म्हणून क आणि ख यांच्या १६९ मध्ये तो मिळवल्यावर २३५ होतात. कोणतीही अखंड निवड या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे २०७ हातात असताना जास्तीत जास्त २८ निसटले असतील. प्रत्यक्षात १० निसटले. अडणारा प्रकल्प निधीच्या मानाने लहान असेल तर ही दरी अरुंद असते आणि क्रमवारीवर खुशाल भिस्त ठेवावी. मोजकेच आणि मोठे प्रकल्प असतील, तिथे ती रुंद होते.

टोकाचे उदाहरण घ्यायचे तर, एका प्रकल्पाचा खर्च १ आणि लाभ ३, दुसऱ्याचा खर्च १०० आणि लाभ २००, आणि निधी १०० असा विचार करा. क्रमवारी पहिला उचलते, दुसऱ्याला एक एकक कमी पडते, आणि २०० च्या जागी ३ पदरात पडतात. याला कोणी किरकोळ म्हणणार नाही. एकट्याने निधीत बसणारा सर्वाधिक लाभाचा प्रकल्प आणि क्रमवारीचा संच यांतला जो सरस, तो घेतला तर सर्वोत्तमाच्या निम्म्याहून कमी कधीच मिळत नाही. पण निम्मे म्हणजे निम्मेच.

अशक्यतेचा मुद्दा ऐकीव भीतीतून आलेला दिसतो. ठरलेल्या निधीत सर्वाधिक लाभाचा अखंड प्रकल्पांचा संच शोधणे, ही नॅपसॅक समस्या म्हणून ओळखली जाते. संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांच्या १९७२ च्या अवघड समस्यांच्या यादीत ती आहे, आणि ६० प्रकल्पांच्या जुळण्या एकेक करून मोजत बसणे खरोखर मूर्खपणाचे ठरेल. तसे मोजावे लागत नाही. शून्यापासून निधीपर्यंतच्या प्रत्येक रकमेसमोर “आतापर्यंत पाहिलेल्या प्रकल्पांतून एवढ्या पैशात जास्तीत जास्त किती लाभ” हा एकच आकडा ठेवायचा, आणि नवा प्रकल्प आला की तो घेऊन व न घेता येणाऱ्या आकड्यांतला मोठा लिहायचा. आपल्या उदाहरणात १०० समोरचा आकडा क आणि ख नंतर १६९ असतो. ग आल्यावर त्याचे ११० आणि उरलेल्या ५० समोरचे १०० मिळून २१० होतात. घ आल्यावर २१५. च आल्यावर त्याचे ३८ आणि ८० समोरचे १७९ मिळून २१७. निधीचे १,००० टप्पे आणि ६० प्रकल्प असले तरी सुमारे ६०,००० घरे भरायची असतात, आणि संगणकाला त्याचे काहीच वाटत नाही. खर्च अगदी बारीक एककात मोजले तर घरे वाढतात. अशा वेळी खर्चाचे आकडे वरच्या बाजूला पूर्णांकित केले की निवड निधीच्या आतच राहते.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: क्रमवारीत पडून राहिलेले १० एकक वाया गेले असे का धरायचे? ते परत जाऊन दुसरीकडे निदान दर्शनी मूल्याने उपयोगी पडत असतील, तर एकूण लाभाऐवजी लाभातून खर्च वजा करून निव्वळ लाभ पाहायला हवा. तसे पाहिले तर ख, ग, च यांचा निव्वळ लाभ ११७ येतो आणि क्रमवारीच्या संचाचाही ११७ च. दोन्ही बरोबरीत सुटले असे वाटते खरे, पण क आणि ग ही जोडी ९० एककांत २१० देते, म्हणजे निव्वळ १२०. ही जोडीही क्रमवारीच्या हाती लागत नाही, कारण ती क नंतर ख घेऊन ग ची जागा आधीच अडवून बसलेली असते. शिल्लक रक्कम परत करायची की वर्षअखेर ती बुडणार, हे आकडेमोडीला बसण्यापूर्वी निधी देणाऱ्याला विचारून घ्यावे, कारण पहिल्या स्थितीत क आणि ग घ्यावे लागतात, आणि दुसऱ्या स्थितीत ख, ग आणि च.