‘न मांसभक्षणे दोषः’ हे वेदवचन नव्हे

‘न मांसभक्षणे दोषः असं खुद्द वेदांत लिहिलंय. वेद म्हणजे श्रुती, तिच्यापुढे बाकी सगळं रद्द. तेव्हा गोंयकारांनो, श्रावणातही बिनधास्त मासळी आणा!’

फिरणाऱ्या या मेसेजात पहिलीच गोष्ट चुकली. हा श्लोक मनुस्मृतीतला आहे, ५.५६. वेदवचन म्हणून कुणी काही पुढे केलं की पत्ता मागावा: कुठली संहिता, कुठलं ब्राह्मण, कुठलं उपनिषद? छंदावरून निकाल लागत नाही, कारण हा श्लोक ज्या अनुष्टुभ छंदात आहे, तो कठोपनिषदातही आहे. नावावरूनही नाही. गीतेच्या प्रत्येक अध्यायाच्या शेवटी ‘उपनिषत्सु’ येतं, पण ती महाभारताच्या भीष्मपर्वातली, म्हणून शंकराचार्यही तिचा दाखला स्मृती, म्हणजे वेदांबाहेरचा, माणसांनी रचलेला धर्मग्रंथ म्हणूनच देतात.

शिवाय श्लोक अर्धाच पाठवलाय. पुढची ओळ ‘प्रवृत्तिरेषा भूतानां निवृत्तिस्तु महाफला’, म्हणजे जिवांची ओढच तशी असते, पण त्यातून मागे फिरण्याचं फळ मोठं. त्याच अध्यायात मासे वर्ज्य करायलाही सांगितलंय (५.१५) आणि लगेच पुढे खवल्यांच्या माशांना सूट दिलीय (५.१६). सुंगटांचं काय, ते मनूने सांगितलेलं नाही.

‘बाकी सगळं रद्द’ हेही खरं नाही. वेदवचनांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या मीमांसाशास्त्रात जैमिनीचं सूत्र आहे: ‘विरोधे त्वनपेक्षं स्यादसति ह्यनुमानम्’ (१.३.३). श्रुतीशी थेट विरोध आला तरच स्मृती बाजूला ठेवायची. विरोध नसेल तर तिच्यामागे आज न सापडणारी श्रुती असावी असं धरायचं. यावर या सूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी यांचं उदाहरण बघण्यासारखं आहे. सोमयागात औदुंबरी, म्हणजे उंबराचा खांब, उभारतात. स्मृती म्हणते, तो सगळा कापडाने गुंडाळावा. श्रुती म्हणते, खांबाला स्पर्श करून गावं. सगळाच गुंडाळला तर स्पर्श कुठे करणार? म्हणून इथे स्मृती बाजूला ठेवली. शबरस्वामी एवढ्यावर थांबत नाहीत. ते कापड आपल्याला मिळावं या लोभाने कुणीतरी ही रीत पाडली असावी, असंही म्हणून जातात!

श्रुतीचाच आधार हवा असेल तर छांदोग्य उपनिषद बघा (८.१५): ‘अहिंसन् सर्वभूतान्यन्यत्र तीर्थेभ्यः’, विहित प्रसंग सोडून कुठल्याही जिवाची हिंसा न करणारा. म्हणजे श्रुतीचं वजन टाकायचंच ठरवलं, तर ते मेसेजवाल्याच्या पारड्यात पडत नाही.

आता श्रावण. मासळी बंद ठेवून ती चवथ झाल्यावर आणणं हा घराघरांतला आचार आहे. धर्माची मुळं सांगताना मनू वेद, स्मृती यांच्यानंतर सज्जनांचा आचारही धरतो (२.६). ५.५६ मध्ये श्रावणाचा उल्लेखच नाही, त्यामुळे त्या श्लोकाने हा आचार मोडतही नाही आणि सक्तीचाही होत नाही. कुणाला मासे खायचे असतील तर खुशाल खावेत, फक्त वेदांच्या नावावर नकोत.