छपराचा कौल

रेंडरमधलं घर भिंतींवर पास होतं आणि छपरावर नापास होतं. जांभा चिरा जरा गुलाबी झाला तर कुणी काही म्हणत नाही. कौलं चुकली, की कोकणातला कुठलाही माणूस हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगतो, "हे घर गळणार." त्याला ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर येत नसतं, पण पावसाच्या तोंडावर कौलं परतताना खाली उभं राहून त्याने जन्मभर पाहिलेलं असतं. देवाला कौल लावला तर निदान उजवा-डावा तरी मिळतो. इथे एकच कौल मिळतो, आणि तो डावा.

आपण साधं घर घेऊ. लांबी 9 मीटर, समोरचं पाखं आढ्यापासून वळचणीपर्यंत 4.8 मीटर, उतार 30 अंश, वर मंगळुरी कौलं. हे कौल साधारण 410 मिलिमीटर लांब आणि 235 रुंद असतं. ते सगळं दिसत नाही. वरच्या कौलाखाली आणि शेजाऱ्याच्या खाचेत त्याचा काही भाग दडतो. उघडं राहतं ते साधारण 320 बाय 210, आणि रिपांमधलं अंतरही तेच 320. म्हणजे वरून खाली 15 ओळी, एका ओळीत 43 कौलं, एकूण 645. हा हिशेब पाठकोऱ्या कागदावर करून मगच टेक्श्चरला हात लावावा. नाहीतर आठच ओळी बसतात आणि एकेक कौल दाराच्या फळीएवढं दिसतं, किंवा चाळीस बसतात आणि घराने कॉर्डरॉयची पँट डोक्यावर घेतल्यासारखं होतं.

आणि टेक्श्चर आकाशातून सरळ खाली थापू नका. 30 अंशांच्या उतारावर ते उताराच्या दिशेने 15 टक्के ताणलं जातं, 45 अंशांवर 41 टक्के. यूव्ही पाख्याच्या पातळीतच उलगडायला हवा.

आता माझं सर्वांत लाडकं दुखणं. टेक्श्चरबरोबर सपाट पृष्ठावर खोटा उठाव दाखवणारा जो जांभळा-निळा नॉर्मल मॅप येतो, त्याच्या दोन जाती असतात, OpenGL आणि DirectX. दोघांत फरक एवढाच, की हिरवा चॅनेल उलटा. ब्लेंडरला पहिली जात लागते. दुसरी जोडली तर कुठेही लाल अक्षरांत तक्रार येत नाही. फक्त प्रकाश उलट्या कडेवर पडतो, आणि वरचं कौल खालच्याच्या पोटात शिरल्यासारखं दिसतं. पाऊस पडला तर सगळं पाणी थेट माजघरात. पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, तो नुसता अस्वस्थ होतो. ओळखायची खूण सोपी आहे: सूर्य डोक्यावर आणा. प्रत्येक कौलाच्या खालच्या कडेखाली सावलीची बारीक रेघ दिसली पाहिजे. ती वरच्या बाजूला दिसली तर Separate Color ने चॅनेल सुटे करा, हिरवा एकातून वजा करा आणि परत जोडा. या चित्राचा Color Space हा Non-Color ठेवायचं विसरलात, तर हिरवा सुलटा करूनही छप्पर सुजल्यासारखंच राहील.

सुलटा नॉर्मल मॅपसुद्धा कड बदलत नाही. पाखं आतून खवल्याखवल्याचं आणि वळचणीची रेघ मात्र सुरीने कापलेल्या बर्फीसारखी, असं ध्यान होतं. पागोळ्या गळायला कौलाची नागमोडी कड नको का? म्हणून घर जवळून दिसणार असेल तर मी सरळ एक कौल मॉडेल करतो आणि त्याच्या 645 प्रती मांडतो. त्या इन्स्टन्स असल्यामुळे संगणक हूं की चूं करत नाही. मांडताना एक गोष्ट बहुतेकांची सुटते: कौल वाशाला समांतर नसतं. त्याचं डोकं रिपेवर आणि पाय खालच्या कौलावर असतो, म्हणून ते छपरापेक्षा दोन-चार अंश कमी उताराचं बसतं. हे केलं, की सावलीची रेघ आपोआप येते. मग प्रत्येकाला अर्ध्या अंशाची वाकडी मान आणि तीन-चार मिलिमीटरची सरक द्यावी. त्याहून जास्त दिलीत तर छपरावरून वानरांचा कळप गेल्यासारखं दिसेल.

रंगाला आलो. कौल लाल असतं ही शाळेतल्या चित्रकलेच्या तासाची अफवा आहे. ते विटकरी, नारिंगी, तपकिरी यांच्या मधलं काहीतरी असतं, आणि भट्टीत ज्याला जशी आंच मिळाली तसा त्याचा रंग. Object Info नोडचा Random घ्या, ColorRamp मधून काढा, आणि बहुतेक कौलं मधल्या छटेत ठेवा. थोडी काळपट, आणि मोजून आठ-दहा नवी कोरी भगवी. ही नवी मात्र विखुरलेली नकोत. नारळ पडतो तो एकाच जागी पडतो, त्यामुळे बदललेली कौलंही चार-पाचच्या घोळक्यात असतात. कौलं Array मॉडिफायरने मांडली असतील तर हा नोड सगळ्यांना एकच रंग देतो, कारण ब्लेंडरच्या लेखी ती एकच वस्तू आहे. तिथे सायकल्समध्ये Geometry नोडचा Random Per Island वापरायचा.

शेवाळाचं गणित नेमकं उलटं. रंग कौलागणिक बदलतो, शेवाळ कौलाची हद्द जुमानत नाही. त्याला वर आलेल्या फांदीशी मतलब. पण इन्स्टन्सवर Object कोऑर्डिनेट्सनी नॉइज लावला, की प्रत्येक कौलाच्या डाव्या कोपऱ्यात तोच हिरवा डाग उमटतो, रेशनकार्डावरच्या शिक्क्यासारखा. त्याऐवजी Geometry चा Position जोडा. तो सगळ्या घराला एकच मोजपट्टी लावतो आणि डाग चार-चार कौलांवरून खुशाल पसरतो.

डाग टाकायचा कुठे? जिथे ओल उशिरा वाळते तिथे. कौलाच्या खोलगट पन्हळीत, सांध्याच्या रेषेत, वळचणीकडच्या ओळींत, फणसाच्या सावलीत. वर आलेला उंचवटा आधी सुकतो, तो स्वच्छ ठेवा. आपल्याकडे उत्तरेचं पाखं जास्त शेवाळतं, कारण पावसाळा सरला की सूर्य दक्षिणेला कलतो. दोन्ही पाखी सारखीच हिरवी केलीत तर घर नव्हे, ढोकळा दिसतो.

ऋतूचंही भान हवं. हिरवंगार शेवाळ हे जुलै-ऑगस्टचं काम. मे महिन्यात त्याचा करपलेला, काळा-तपकिरी पापुद्रा उरतो. अंगणात गुलमोहर पेटलेला, आकाश निळंशार आणि कौलांवर पोपटी मखमल, असं रेंडर मी नेहमी बघतो. ओलं छप्पर हवंच असेल तर Roughness 0.85 वरून 0.4 पर्यंत उतरवा, रंग गडद करा, आणि ऊन काढून टाका.

शेवटी शेवाळाचा जोर किती ठेवायचा यावर घरमालकांशी घासाघीस होते. तो 0.2 असला तर "छप्पर नवं वाटतंय, जरा कोकणी वाटू द्या ना." 0.5 केला, की घरमालकीणबाई चष्मा वर करून विचारतात, "अहो, हे आत्ताच गळतंय का?" मी 0.35 वर ठेवतो आणि आढ्यापासून तिसऱ्या ओळीत एक काचेचं कौल बसवतो. मग सगळे त्याच्याकडेच बघतात.